कुकर लावला की पाच जोर

रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाच्या शेवटाला व्यायामाचा छोटा तुकडा जोडायचा आणि ते काम संपले की तो तुकडा करायचाच, या पद्धतीला इंग्रजीत हॅबिट स्टॅकिंग म्हणतात. मराठीत तिला सवयजोड म्हणता येईल. एस. जे. स्कॉट यांच्या २०१४ सालच्या पुस्तकाचे हेच नाव होते आणि जेम्स क्लिअर यांच्या २०१८ मधल्या ‘ॲटॉमिक हॅबिट्स’ने ते सर्वतोमुखी केले. पद्धत मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला की शुभंकरोती आणि रात्रीची जेवणे झाली की शतपावली, या जोड्या मराठी घरांत कुणीही पुस्तक न वाचता बसलेल्या होत्या. शुभंकरोती म्हणायला कुणी घड्याळ पाहत नसे. दिवा लागला की मुले हात जोडून उभी राहत.

लहान मूल असलेल्या नोकरदार आईला किंवा बाबांना ही पद्धत विशेष लागू पडते, कारण त्यांच्या दिवसात वेळ अजिबात नसतो असे नाही. तो तुकड्यातुकड्यांत असतो. सलग पाऊण तास कधीच मिळत नाही. दोन मिनिटे मिळतात, पण ती कधी मिळतील हे आधी सांगता येत नाही आणि व्यायामाची आठवण होईपर्यंत ती निघूनही जातात. ‘उद्यापासून सहा वाजता’ हा संकल्प बहुधा इथेच मोडतो. मूल रात्री दोनदा उठले की सहाचे साडेसहा होतात आणि साडेसहाला डब्याची घाई सुरू झालेली असते. शिवाय ठरलेल्या वेळेची आठवण ठेवणे हे मनाला जड काम असते. हातात दुसरे काम असताना अधूनमधून घड्याळाकडे लक्ष ठेवावे लागते. ठरलेल्या घटनेची आठवण सोपी, कारण ती घटना स्वतःच समोर येऊन उभी राहते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी १९९९ मधल्या एका निबंधात याच मुद्द्याची सविस्तर मांडणी केली. ‘व्यायाम करीन’ या इच्छेपेक्षा ‘अमुक घडले की अमुक करीन’ असा ठरवलेला बेत अधिक वेळा पार पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. २००२ साली ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात हा फरक ठसठशीत दिसला. एका गटाला व्यायामाचे फायदे समजावून सांगितले. दुसऱ्याला तेवढे सांगून, येत्या आठवड्यात व्यायाम कधी आणि कुठे करणार हेही लिहून घेतले. लिहून देणाऱ्यांपैकी दहातल्या नऊ जणांनी व्यायाम केला. नुसते फायदे ऐकलेल्यांत हे प्रमाण दहात चारांपेक्षा कमी राहिले, म्हणजे काहीच न सांगितलेल्या तिसऱ्या गटापेक्षा ते फारसे वेगळे नव्हते. हा हिशेब फक्त एका आठवड्याचा आहे, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे. एक आठवडा जमणे आणि सवय लागणे यांत बरेच अंतर असते.

ज्या जुन्या कामाला नवा व्यायाम अडकवायचा, त्याला खुंटी म्हणू. सवयजोडीतले खरे कसब खुंटी निवडण्यात आहे. व्यायाम कोणता करायचा यावर लोक खूप विचार करतात, खुंटीवर जवळजवळ नाही.

समजण्यासाठी एक घर डोळ्यांसमोर आणू. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी, ठाण्यात नोकरी करणारी एक आई. मुलगा दुसरीत. ती पावणेसहाला उठते. चहा होतो, कुकर लागतो, पोळ्या आणि भाजी होते, डबे भरले जातात. साडेसहाला मुलाला उठवायचे, सात-दहाला त्याला खाली स्कूल व्हॅनमध्ये बसवायचे. साडेआठला ती लोकलसाठी निघते, संध्याकाळी सातला परतते. साडेआठपर्यंत जेवणे, मग भांडी घासायला काढणे, ओटा पुसणे आणि मुलाला झोपवणे. मुलाला झोपवता झोपवता बहुतेक रात्री तिचाच डोळा लागतो.

या दिवसात खुंट्या म्हणून काय काय चालेल? ‘उठल्या उठल्या’ ही खुंटी वरवर उत्तम दिसते, पण ती मुलाच्या रात्रीवर अवलंबून आहे. ‘मूल झोपल्यावर’ ही तर सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फसवी खुंटी. ती पूर्णपणे मुलाच्या हातात असते आणि ती वेळ येते तेव्हा आईच्या अंगात काही उरलेले नसते. पालकांसाठी पहिला नियम इथूनच निघतो. ज्या कामाचा शेवट आपण करतो तेच काम खुंटी म्हणून घ्यावे, ज्याचा शेवट मूल करते ते घेऊ नये.

दुसरी चाचणी शेवट नेमका आहे का याची. ‘चहानंतर’ म्हणजे केव्हा? एक घोट राहिलेला कप हातात घेऊन माणूस मोबाइल पाहत राहतो आणि ‘नंतर’ कधी सुरू झाले ते कळत नाही. ‘चहाचा कप सिंकमध्ये ठेवला की’ हा क्षण मात्र हाताला जाणवतो. ‘जेवणानंतर’चेही तसेच आहे. बाबांचे जेवण ताटावरून उठल्यावर संपते, आईचे ओटा पुसल्यावर. शतपावली घरातल्या पुरुषांची टिकली आणि बायकांची सुटली, याचे एक कारण इथेही असावे. तिच्यासाठी खुंटी ‘जेवण’ ही नाही, ‘ओटा पुसून फडका वाळत टाकला’ ही आहे. स्टॅनफर्डमधले संशोधक बी. जे. फॉग जुन्या कृतीचे शेवटचे टोक शोधायला सांगतात, ते यासाठीच. त्यांची स्वतःची जोड अगदी गद्य आहे: घरी असताना लघवीला जाऊन आले की दोन जोर.

खुंटी आधी असावी की नंतर, याचेही उत्तर एका साध्या प्रयोगातून मिळाले आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दातांच्या फटी दोऱ्याने साफ करण्याची सवय लावायची होती. काहींना ते दात घासण्याआधी करायला सांगितले, काहींना घासून झाल्यावर. आठ महिन्यांनी पाहिले तेव्हा नंतर करणाऱ्यांची सवय अधिक पक्की होती. जुनी सवय आधी येते तेव्हा ती नव्या सवयीची आठवण करून देते. नवी सवय आधी ठेवली तर तिला आठवण करून देणारे कुणीच नसते.

तिसरी चाचणी मोकळ्या क्षणाची. दूध तापत ठेवले की जोर मारू, असे ठरवणारा पहिल्याच आठवड्यात गॅस पुसत बसतो, कारण दुधावर नजर लागते. कुकरचे तसे नाही. झाकण लावून शिटी ठेवली की तो स्वतः आवाज देईपर्यंत त्याच्याकडे पाहावे लागत नाही. पोळ्यांची कणीक हातात घेण्याआधी अर्धे मिनिट सहज सुटते. म्हणून या घरातली पहिली जोड अशी: कुकरवर शिटी ठेवली की ओट्याला हात टेकून पाच जोर.

हे जोर कसे मारायचे तेही पाहू. गॅसपासून लांबचा, रिकामा आणि कोरडा ओटा निवडायचा. दोन्ही तळवे कडेवर खांद्यांच्या रुंदीला टेकवायचे, पाय दोन पावले मागे न्यायचे, डोक्यापासून टाचेपर्यंत अंग एका रेषेत ठेवायचे. कोपरे वाकवत छाती कडेजवळ आणायची आणि श्वास सोडत परत वर ढकलायची. पायाखालचे पायपुसणे आधी बाजूला सारावे, ते सरकते. कमरेत झोळ पडू लागला तर पाय थोडे ओट्याजवळ घ्यावेत. ओटाही जड वाटत असेल तर भिंतीला हात टेकून सुरुवात करावी. गाऊन किंवा सलवार-कमीज कशातही हे होते, आणि हे फार मोलाचे आहे. ज्या व्यायामाला आधी कपडे बदलावे लागतात तो दोन मिनिटांच्या फटीत मावत नाही.

पाचच जोर का, हा प्रश्न हमखास येतो. पाच जोरांनी स्नायूंना फारसे काही होत नाही, हे खरेच आहे. पण पहिल्या आठवड्यांत घडवायची असते ती सुरुवात, ताकद नव्हे. व्यायामाच्या सवयीचा अभ्यास करणारे तिचे दोन भाग करतात: व्यायामाला लागणे आणि व्यायाम पार पाडणे. आपोआप होऊ शकतो तो मुख्यतः पहिला भाग. जोर मारताना दम लागणार, दंड भरून येणार, लक्ष द्यावे लागणार, ते कधी दात घासण्याइतके बेमालूम होणार नाही. शिटी ठेवली की हात ओट्याकडे जाणे मात्र बेमालूम होऊ शकते. सुरुवातीला वीस जोर ठरवले तर ज्या सकाळी कंबर धरली आहे किंवा उशीर झाला आहे, त्या सकाळी मन वाटाघाट करू लागते. वाटाघाट सुरू झाली की सवय बनत नाही. पाच जोरांसाठी वाटाघाट करायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात ते मारून होतात. म्हणून पहिले दोन आठवडे दहा जमत असले तरी पाचावर थांबावे. उत्साहाच्या दिवशी तीस मारले की दुसऱ्या दिवशी हात दुखतात आणि नेमकी तीच सकाळ चुकते.

सवय पक्की व्हायला किती दिवस लागतात? एकवीस दिवसांची समजूत सर्वत्र आहे, तिला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे एकेक नवी सवय लावून पाहिली. काहींनी पाणी पिण्याची घेतली, काहींनी फळ खाण्याची, काहींनी सकाळच्या कॉफीनंतर पन्नास सिट-अप्स. सवय आपोआप होण्याच्या टप्प्यावर यायला लागलेले दिवस १८ पासून अंदाजे २५४ पर्यंत पसरले. मधला आकडा ६६ होता आणि व्यायामाच्या सवयींना खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा साधारण दीडपट वेळ लागला. म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताना धरलेली जोड गणपतीपर्यंत डळमळीत असेल आणि दिवाळीच्या आसपास हाडीमासी मुरू लागेल, असा अंदाज ठेवणे रास्त. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: एखादा दिवस चुकल्याने सवय बनण्याच्या वेगावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही.

दिवस मोजण्यापेक्षा खुणा पाहाव्यात. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर केलेल्या दिवशी फुली आणि आठवण करून द्यावी लागली नसेल तर तिच्याभोवती गोल, एवढी नोंद पुरते. आठवड्यात पाच-सहा गोल येऊ लागले की पहिली जोड बसली. आणखी भरवशाची खूण म्हणजे चुकल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटणे. उलट फुल्या भरपूर आणि गोल शून्य, असे महिनाभर चालले तर व्यायाम इच्छाशक्तीवर चालला आहे, खुंटीवर नव्हे. अशा वेळी जोर बदलू नयेत, खुंटी बदलावी.

पहिली जोड बसल्यावर दुसरी. या घरात ती व्हॅनपाशी आहे: व्हॅन सुटली की लिफ्टऐवजी जिन्याने वर. एका मजल्याला अठरा-वीस पायऱ्या धरल्या तर तिसऱ्या मजल्यापर्यंत साधारण साठ होतात. कॅनडातल्या एका छोट्या प्रयोगात व्यायाम न करणाऱ्या तरुणांना नेमक्या साठ पायऱ्या जोरात चढायला लावल्या होत्या, दिवसातून तीनदा, मध्ये काही तासांचे अंतर ठेवून, आठवड्यातले तीन दिवस. सहा आठवड्यांनी त्यांचा दमसास थोडा, पण मोजता येईल इतका वाढला. रमतगमत चढले तर हे साधत नाही. वर पोचल्यावर दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, इतका वेग हवा. गुडघा दुखत असेल तर चढावे जिन्याने आणि उतरावे लिफ्टने, कारण उतरताना गुडघ्यावर अधिक ताण येतो.

तिसरी जोड रात्रीची: ओट्याचा फडका वाळत टाकला की जेवणाच्या खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठायचे-बसायचे. ही बैठकांची सौम्य आवृत्ती. पोट भरलेले असताना जोर किंवा प्लँक नको, पण उठबस किंवा चालणे चालते. जेवणानंतर थोडे चालल्याने रक्तातली साखर कमी चढते, हे अभ्यासांतही दिसले आहे, म्हणून शतपावलीला जागा असेल तर ती अधिक चांगली.

इथे एक मोह टाळायचा असतो. तीनही व्यायाम एकामागोमाग जोडून सकाळीच उरकावेत असे वाटते. कुकर, मग जोर, मग बैठका, मग प्लँक. लांबलचक साखळी कागदावर देखणी दिसते, पण मुलाने पहिल्याच कडीला ‘आई’ म्हणून हाक मारली की पुढच्या सगळ्या कड्या गळतात. तीन वेगळ्या खुंट्यांवर तीन छोटे तुकडे असले तर एक गेला तरी दोन राहतात. पालकांच्या घरात ही विखुरलेली मांडणीच अधिक टिकाऊ ठरते.

या सगळ्याची बेरीज किती होते, हेही पाहिले पाहिजे. काही महिन्यांनी जोर पाचाचे बारा झाले, बैठका वीसवर गेल्या, जिना दिवसातून दोनदा झाला, तरी दिवसाला पाच-सहा मिनिटे भरतात. आठवड्याला अर्धा-पाऊण तास. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे किंवा जोरकस श्रमाची ७५ ते १५० मिनिटे हवीत, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम. याच शिफारशींत पालकांच्या सोयीचा एक बदल झाला. श्रम सलग दहा मिनिटे केले तरच ते मोजायचे, ही जुनी अट काढून टाकली गेली. तुकडे मोजता येतात, पण वरची बेरीज तरीही पुरत नाही.

ती भरून काढायला या घरात चौथी खुंटी आहे: सोसायटीचे फाटक ओलांडले की रिक्षाला हात न करता स्टेशनपर्यंत भरभर चालायचे. जायला बारा मिनिटे, यायला बारा, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे १२० मिनिटे. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग असला की तो मध्यम श्रम समजावा. जिना आणि चालणे मिळून दीडशेच्या आसपास पोचता येते, जोर-बैठकांनी ताकदीचाही काही भाग निघतो. एक उणीव राहतेच. यात ओढण्याचा व्यायाम नाही, त्यामुळे पाठ उपेक्षित राहते. दाराच्या भक्कम कडीला रबरी पट्टा बांधून तो दहा-बारा वेळा अंगाकडे ओढणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

वजन घटवण्याचे साधन म्हणून ही पद्धत घेतली तर निराशा होईल. एवढ्या व्यायामात खर्च होणारी ऊर्जा एखाद्या पोळीत भरून निघते. बाळंतपण नुकतेच झाले असेल, विशेषतः सिझेरियन, तर जोर, प्लँक आणि जिन्याची धाव डॉक्टरांनी सांगेपर्यंत थांबवावी. रक्तदाब असलेल्यांनी जोर मारताना श्वास रोखू नये. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून तपासून घ्यावे.

सवयजोड मोडते ती बहुधा आळसाने नव्हे. खुंटीच नाहीशी होते. एप्रिलच्या शेवटी शाळा सुटते, व्हॅन येईनाशी होते आणि तिच्यावर टांगलेला जिना तिच्याबरोबर जातो. अमेरिकेत वेंडी वुड यांनी दुसऱ्या विद्यापीठात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या सवयींचा अभ्यास केला होता. ज्यांच्या व्यायामाची जागा आणि परिस्थिती नव्या ठिकाणीही साधारण तशीच राहिली त्यांची सवय टिकली, बाकीच्यांना पुन्हा ठरवून व्यायाम करावा लागला. म्हणून सुट्टीची खुंटी आधीच नेमून ठेवावी. व्हॅन नसेल तेव्हा ओल्या कचऱ्याचा डबा खाली ठेवून आले की जिना. मामाच्या गावी गेल्यावर कुकर दुसऱ्याच्या हाती असतो, तिथे आंघोळीआधी बादली भरायला लावली की जोर. मूल आजारी असेल त्या आठवड्यात चारपैकी एकच जोड, शक्यतो कुकरची, चालू ठेवावी आणि जोर पुन्हा पाचावर आणावेत. जूनमध्ये शाळेची वेळ बदलली, व्हॅनऐवजी मूल सायकलने जाऊ लागले किंवा कार्यालय बदलले, तर जुन्या जोड्या ओढत न बसता कागद घेऊन नव्या दिवसातली ठरावीक कामे लिहावीत आणि आपल्या हाताने संपणारी, रोज होणारी दोन-तीन कामे पुन्हा निवडावीत. व्यायाम तोच राहिला तरी नव्या खुंटीवर तो आपोआप होऊ लागायला पुन्हा काही आठवडे लागतात.